फॉरवर्ड होऊन होऊन ठोकळे पडलेला व्हिडिओ बरा कसा करायचा

घरातल्या कोणाचा तरी एखादा जुना व्हिडिओ असतो, मूळ ज्याने काढला त्याचा फोन कधीच गेलेला असतो, आणि आपल्याकडे राहते ती फक्त ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरून आलेली कॉपी. फोनच्या छोट्या स्क्रीनवर ती चालून जाते, पण टीव्हीवर लावली की मागची भिंत म्हणजे नुसते चौकोन, गालावर चौकोन, हात हलला की हाताच्या मागे चौकोनांची रांग. मग लोक एखादं एडिटिंग अ‍ॅप उघडतात, शार्पनेस वाढवतात आणि ते चौकोन अजूनच उठून दिसायला लागतात. यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि ती कळली तर अर्धं काम होतं, म्हणून आज फक्त तेवढ्याच गोष्टीवर बोलू: आपल्याला दिसणारे चौकोन बहुतेक वेळा आत्ताच्या फाइलचे नसतातच, ते तिच्या दोन-तीन पिढ्या आधीच्या फाइलचे असतात आणि मध्ये कोणीतरी व्हिडिओचा आकार बदलल्यामुळे ते ताणले गेलेले असतात.

आधी चौकोन येतात कुठून ते बघू. फोनवर फिरणारे बहुतेक व्हिडिओ अजूनही एच.२६४ या पद्धतीने दाबलेले असतात. ही पद्धत प्रत्येक फ्रेम १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकटींत तोडते, त्या चौकटीच्या आत ८ बाय ८ किंवा ४ बाय ४ चे छोटे तुकडे करते, आणि प्रत्येक तुकड्यात काय आहे ते गणिताने दोन भागांत मांडते, एक म्हणजे साधारण उजेड किती आणि दुसरं म्हणजे त्याच्यावरचा बारीक तपशील किती. जागा कमी पडली की आधी बारीक तपशील फेकला जातो. अजून कमी पडली की जवळजवळ सगळाच तपशील जातो आणि तुकड्याचा फक्त सरासरी रंग उरतो. शेजारच्या तुकड्याचा सरासरी रंग थोडा वेगळा असतो, म्हणून दोघांच्या मध्ये रेघ दिसते, आणि अशा रेघा सगळीकडे दिसल्या की त्याला आपण ठोकळे म्हणतो.

जागा किती कमी पडते याचा अंदाज यावा म्हणून साधा हिशोब करू. फोनने १९२० बाय १०८० मध्ये, सेकंदाला ३० फ्रेम धरून, समजा सेकंदाला १.७ कोटी बिट खर्चून शूट केलं, तर १६ बाय १६ च्या प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सरासरी ७० च्या आसपास बिट येतात. आता आपल्या हातात आलेली फाइल १२८० बाय ७२० ची आहे, ९० सेकंदांची आहे आणि ९ एमबीची आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ८ लाख बिट. एका फ्रेममध्ये ३६०० चौकटी, सेकंदाला ३० फ्रेम, भागाकार केला तर एका चौकटीला साडेसात बिटसुद्धा मिळत नाहीत. एवढ्यात डोळ्याच्या पापण्या लिहायच्या तरी कशा?

आता फॉरवर्डबद्दल एक गैरसमज. बऱ्याच मेसेजिंग अ‍ॅपमध्ये त्याच अ‍ॅपच्या आत नुसतं फॉरवर्डचं बटण दाबलं तर व्हिडिओ पुन्हा दाबला जात नाही, तीच फाइल पुढे जाते, त्यामुळे फॉरवर्ड शंभर वेळा झालं तरी त्याने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते कोणीतरी व्हिडिओ गॅलरीत सेव्ह करून पुन्हा पाठवतो तेव्हा, स्टेटसला लावतो तेव्हा, सुरुवातीचे चार सेकंद कापतो तेव्हा, वर नाव किंवा स्टिकर टाकतो तेव्हा, एका अ‍ॅपमधून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेतो तेव्हा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करतो तेव्हा. यातल्या प्रत्येक वेळी व्हिडिओ पूर्ण उघडला जातो आणि नव्याने दाबला जातो, आणि बहुतेक वेळा आकारही बदलतो, आधी लहान होतो, मग एखादं एडिटिंग अ‍ॅप तो ओढून मोठा करून देतं.

एच.२६४ मध्ये ठोकळ्यांच्या कडा मऊ करणारा एक फिल्टर मुळातच असतो, व्हिडिओ चालताना तो आपोआप काम करतो, मग तरी चौकोन का दिसतात, हा प्रश्न इथे पडायला हवा. कारण तो फिल्टर फक्त आत्ताच्या दाबण्यातले सांधे ओळखतो, त्याला माहीत असतं की सांधा आठव्या पिक्सेलवर आहे, सोळाव्यावर आहे. मागच्या पिढीत जो सांधा उरला होता तो आता चित्राचाच भाग झालाय, फिल्टरच्या लेखी ती भिंतीवरची खरीखुरी रेघ आहे. कागदाला एका जागी घडी पडलेली असताना दुसऱ्या जागी नवी घडी घातली तर जुनीची खूण तशीच राहते, तसंच हे. आणि त्याहून वाईट म्हणजे नवा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्रॅम, ती खोटी रेघ जपायला आपले मोजके बिट खर्च करतो, म्हणजे चेहऱ्याला जे मिळायला हवं होतं ते भिंतीवरच्या खोट्या चौकोनांना मिळतं. म्हणूनच प्रत्येक पिढीत व्हिडिओ आधीपेक्षा जास्त वेगाने बिघडल्यासारखा वाटतो.

तर मग करायचं काय. पहिलं काम कॉम्प्युटरवर होत नाही, ते फोनवर होतं, आधी जास्त चांगली कॉपी शोधायची. ज्यांच्याकडे व्हिडिओ असू शकतो त्यांना सांगायचं की चॅटमधून फॉरवर्ड करू नका, गॅलरीत किंवा जुन्या फोनच्या बॅकअपमध्ये बघा आणि सापडला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल सहसा जशीच्या तशी येते. दोन-तीन कॉप्या आल्या तर मोठी फाइल म्हणजे चांगली असं धरून चालू नका, मोठं रिझोल्यूशन म्हणजे चांगलं असंही नाही. कोणीतरी ६४० ची कॉपी ओढून १९२० ची केली असेल तर ती फाइल मोठी असेल पण आत माल ६४० चाच, तोही एक पिढी जास्त बिघडलेला. तीच फ्रेम सगळ्या कॉप्यांमधून काढून शेजारी ठेवा आणि डोळे, केस, कापडाची वीण इथे बघा. एक पिढी आधीची कॉपी मिळाली तर तिची बरोबरी कुठलाच फिल्टर करू शकत नाही, म्हणून यावर एक संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असं समजू नका.

नाहीच मिळाली चांगली कॉपी, तर पुढचं. इथून एक क्लिप धरून चालू म्हणजे सोपं जाईल. वर हिशोबाला घेतली तीच: ९० सेकंद, १२८० बाय ७२०, ९ एमबी, एक आजी खोलीत बसून बोलतायत, मागे साधी भिंत, उजेड कमी, कोपऱ्यात कोणत्यातरी एडिटिंग अ‍ॅपचा लोगो. काम करायला एफएफएमपेग हे फुकटचं साधन वापरू, ते कमांड लिहून चालवावं लागतं पण इथे नेमकं काय कुठल्या क्रमाने होतंय ते आपल्या हातात राहतं, आणि या कामात क्रमच महत्त्वाचा आहे.

फाइल आतून काय आहे ते आधी विचारून घ्या:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,r_frame_rate,bit_rate -of default=nw=1 in.mp4
```

मग विसाव्या सेकंदाची एक फ्रेम चित्र म्हणून बाहेर काढा, स्क्रीनशॉट घेऊ नका कारण स्क्रीनशॉटमध्ये प्लेअरने केलेली ताणाताण येते आणि मोजमाप चुकतं:

```
ffmpeg -ss 20 -i in.mp4 -frames:v 1 frame.png
```

ही फ्रेम अशा प्रोग्रॅममध्ये उघडा जो झूम केल्यावर पिक्सेल गुळगुळीत न करता सरळ चौकोनी दाखवतो, आणि सातशे-आठशे टक्के झूम करून भिंतीवर या. इथे दोन गोष्टी बघायच्या.

एक, ठोकळ्याची कड किती धारदार आहे. कड एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर एकदम बदलत असेल तर तो ठोकळा शेवटच्या दाबण्यातला आहे किंवा निदान त्यानंतर आकार बदललेला नाही. कड दोन-तीन पिक्सेलमध्ये पसरलेली, थोडी धूसर असेल तर ठोकळा जुना आहे आणि नंतर ताणला गेलाय. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

दोन, ठोकळ्यांची रुंदी. एकच ठोकळा मोजू नका, हमखास चूक होते, ओळीने दहा ठोकळे मोजा आणि अंतराला दहाने भागा. आपल्या क्लिपमध्ये दहा ठोकळ्यांचं अंतर १६० पिक्सेल आलं, म्हणजे एक ठोकळा १६ चा. आता इथे थांबून विचार करायला लागतो, कारण १६ चा अर्थ दोन प्रकारे लागतो. एक तर या मूळच्याच १६ च्या चौकटी आहेत आणि आकार बदललेला नाही, किंवा या ८ च्या आहेत आणि कोणीतरी व्हिडिओ दुप्पट केलाय. कडा धूसर आहेत म्हणजे दुसरी शक्यता जास्त, पण खात्री करून घेऊ. तीच फ्रेम अर्धी करा आणि पुन्हा दुप्पट करा:

```
ffmpeg -i frame.png -vf "scale=640:-2:flags=area,scale=1280:-2:flags=bicubic" half.png
```

आता `frame.png` आणि `half.png` एकाच जागी उघडून पुढे-मागे करत बघा. अर्ध्यावर नेऊन आणल्यावर खरा तपशील हरवला असेल तर डोळ्यांजवळ, केसांत लगेच फरक कळतो. आपल्या क्लिपमध्ये आजींच्या चेहऱ्यात काहीच फरक नाही, म्हणजे या १२८० च्या फाइलमध्ये खरा माल ६४० बाय ३६० एवढाच आहे, बाकी नुसता फुगवटा. फरक दिसतो तो फक्त कोपऱ्यातल्या लोगोत, तो जरा मऊ झाला. ते बरोबरच आहे, लोगो आकार वाढवल्यानंतर चिकटवलाय, तो कधी लहान नव्हताच. त्यामुळे लोगो, स्टिकर, वरून टाकलेली अक्षरं बघून व्हिडिओचा दर्जा ठरवू नका, ती उपरी असतात, चेहऱ्याकडे बघा.

प्रत्येक वेळी हिशोब इतका सरळ येत नाही. दहा ठोकळे १२० पिक्सेलमध्ये आले तर एक ठोकळा १२ चा, म्हणजे ८ चा दीडपट, म्हणजे ७२० उंचीची फाइल ४८० उंचीवरून आलेली. २४ चा आला तर १६ ची दीडपट किंवा ८ ची तिप्पट, दोन्ही होऊ शकतं, तेव्हा वरची लहान-मोठं करायची चाचणी दोन्ही मापांनी करा, आणि ज्या सगळ्यात लहान मापापर्यंत चेहऱ्याचं काही बिघडत नाही ते खरं माप. रंगाचे ठोकळे मात्र यात धरू नका. फोनच्या व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा उंचीला आणि रुंदीला अर्धीच ठेवलेली असते, म्हणून लाल किंवा गडद निळ्या कापडावरचे ठोकळे नेहमीच जास्त मोठे दिसतात, त्यावरून मापलं तर उत्तर दुप्पट येईल. मोजायला करडी-पांढरी भिंतच घ्यावी.

आणि व्हिडिओच्या बाजूंना काळे पट्टे असतील तर ते आधी `crop` ने कापून टाका, कारण पट्टा जोडला की सांध्यांचं जुनं जाळं सरकलेलं असतं आणि सगळं माप फक्त चित्राच्या भागाचं घ्यायचंय.

आता खरा इलाज. आपल्याला कळलंय की ठोकळे ८ चे होते, ताणून १६ चे झालेत. म्हणून सगळ्यात आधी व्हिडिओ ६४० बाय ३६० वर परत न्यायचा. लोकांना हे उलटं वाटतं, आधीच खराब आहे तर अजून लहान कशाला करायचा, पण आपण नुकतंच तपासलंय की यात चेहऱ्यातलं काही जात नाही, आणि फायदे दोन होतात. चार पिक्सेलचा एक होताना शेवटच्या पिढीत घुसलेला बारीक कचरा सरासरीत विरून जातो, आणि जुने ठोकळे पुन्हा त्यांच्या मूळ ८ च्या मापावर येतात, जे माप ठोकळे काढणाऱ्या फिल्टरना कळतं. अनेकांचे फिल्टर काम करत नाहीत ते इथेच, ८ चे सांधे शोधणारा फिल्टर १२ आणि १६ च्या धूसर सांध्यांवर लावला तर तो खोटे सांधे सोडून चांगल्या जागीच मऊपणा करत बसतो.

यानंतर फिल्टर कोणता. एफएफएमपेगमध्ये `deblock` नावाचा आहे, तो ठरलेल्या जाळ्यावरचे सांधे मऊ करतो, ठोकळ्याचं माप त्याला सांगता येतं, आणि तो वेगात चालतो. पण जाळं एखाद-दोन पिक्सेल इकडे-तिकडे असेल, आणि फिरून आलेल्या व्हिडिओत ते असतंच कारण मध्ये कोणीतरी कडेने कापलेलं असतं, तर त्याचा नेम चुकतो. म्हणून अशा व्हिडिओला मी `spp` वापरतो. त्याची युक्ती सुंदर आहे: तो चित्र एक-एक पिक्सेल वेगवेगळ्या दिशांना सरकवतो, प्रत्येक सरकवलेल्या चित्रावर तीच ८ बाय ८ ची तोडफोड पुन्हा करून किरकोळ तपशील कमी करतो, चित्र जागेवर आणतो, आणि शेवटी सगळ्यांची सरासरी घेतो. भिंतीच्या प्रत्येक जागी सांधा दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडतो त्यामुळे सरासरीत सांधा उरतच नाही, पण नाकाची कड, चष्म्याची काडी सगळ्या चित्रांत एकाच जागी असते म्हणून ती टिकते. जुनं जाळं नेमकं कुठून सुरू होतं याने त्याला फारसा फरक पडत नाही. हळू चालतो, पण दीड मिनिटाच्या क्लिपला थांबायला काय हरकत आहे.

पूर्ण व्हिडिओवर चालवण्याआधी सहा सेकंदांचा तुकडा घ्या, ज्यात चेहरा जवळ आहे आणि हातही हलतोय:

```
ffmpeg -ss 30 -t 6 -i in.mp4 -vf "scale=640:360:flags=area,spp=quality=5:qp=6" -c:v libx264 -crf 16 -preset slow -c:a copy test6.mp4
```

यात `quality` म्हणजे किती वेळा सरकवायचं, ५ दिलं तर ३२ वेळा, ६ दिलं तर ६४ वेळा. आणि `qp` म्हणजे किती जोरात पुसायचं, सगळं यावर ठरतं. `qp` आपण स्वतः द्यायचा, सोडून दिला तर फिल्टर तो आकडा फाइलमधून घ्यायला जातो, आणि फाइलमध्ये असलाच तरी तो शेवटच्या दाबण्याचा असतो, आपल्याला तर पुसायचीय आधीच्या पिढीची घाण. तोच तुकडा `qp` ३, ६ आणि १० देऊन तीन वेळा काढा आणि बघा. आजींच्या क्लिपमध्ये ३ वर भिंतीचे चौकोन पुसट पण दिसतात, ६ वर गालावरचे गेले, भिंतीवर अगदी पुसट राहिले, आणि १० वर भिंत एकदम स्वच्छ झाली पण आजींच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या पण गेल्या, चेहरा मेणाचा झाला.

इथे मी ठामपणे सांगेन की आकडा चेहऱ्यावरून ठरवा, भिंतीवरून नाही. आपण हा व्हिडिओ भिंतीसाठी जपत नाहीये. त्या सुरकुत्या, बोलताना हलणारी भुवई, तीच माणसाची ओळख असते, आणि जास्त फिल्टर सगळ्यात आधी तेच खातो. म्हणून ६ घ्या, भिंतीवर थोडं राहिलं तर त्याचा वेगळा इलाज आहे, तो पुढे येतो.

फ्रेम थांबवून चांगली दिसते पण चालवल्यावर भिंत धडधडते, दर काही सेकंदांनी एक ठोका पडल्यासारखं चित्र हलतं, हे बऱ्याचदा होतं. व्हिडिओत अधूनमधून एक पूर्ण फ्रेम नव्याने लिहिलेली असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल लिहिलेले असतात, पूर्ण फ्रेम आली की ठोकळ्यांची नक्षी एकदम बदलते, तोच तो ठोका. एकेका फ्रेमवर काम करणाऱ्या `spp` ला हे दिसत नाही, त्यासाठी शेजारच्या फ्रेम एकमेकींत थोड्या मिसळणारा `hqdn3d` हलक्या आकड्यांनी लावायचा. जास्त लावला तर हलणाऱ्या हातामागे भुतासारखी सावली येते, म्हणून तपासताना चेहऱ्याऐवजी हाताकडे बघा, सावली दिसली की शेवटचे दोन आकडे कमी करा.

मग टीव्हीवर लावायला मोठा आकार हवा असेल तर आता, सगळं साफ झाल्यावर, तो वाढवायचा. आणि भिंतीवर उरलेल्या पुसट पायऱ्यांसाठी `gradfun`, तो सपाट भागातल्या अचानक बदलांना हळुवार उतार देतो आणि ठळक कडांना सहसा हात लावत नाही, आणि त्यावर अगदी चिमूटभर `noise`. मुद्दाम कण टाकायचे हे ऐकून लोक दचकतात, पण डोळा एकदम स्वच्छ भिंतीवर एक पुसट रेघ लगेच पकडतो, तीच बारीक कणांत हरवते. कण थोडेच, फोटोत दाणा असतो तेवढे.

आजींच्या क्लिपची पूर्ण कमांड अशी झाली:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "scale=640:360:flags=area,spp=quality=6:qp=6,hqdn3d=1:1:3:3,scale=1280:720:flags=lanczos,gradfun=1.2:16,noise=alls=3:allf=t" -c:v libx264 -crf 16 -preset slow -c:a copy tv.mp4
```

क्रम तोच ठेवा: लहान करणं, ठोकळे काढणं, वेळेतली थरथर कमी करणं, मोठं करणं, उतार, कण. शार्पनेस हवाच असेल तर तो मोठं केल्यानंतर, `gradfun` च्या आधी, `cas=0.3` इतकाच. ठोकळे काढायच्या आधी शार्प केलं तर शार्पनेस सांध्यांनाच धार लावतो, आणि मग `spp` ला सांधा आणि नाकाची कड यात फरक करणं अवघड होऊन बसतं. `-crf 16` पण उगाच नाही, हा आकडा जितका लहान तितकं कमी दाबलं जातं, नेहमीचा २३ ठेवला तर आपण एवढ्या मेहनतीने काढलेले उतार आणि कण नवीन दाबण्यात पुन्हा सपाट होतील आणि भिंतीवर पायऱ्या परत येतील. फाइल आधीपेक्षा बरीच मोठी होणार, होऊ द्या. आवाजाला आपण हात लावलेला नाही, `-c:a copy` म्हणजे आवाज जसा होता तसाच उचलून ठेवला, तोही आधीच्या पिढ्यांत दाबला गेलाय, निदान आपल्याकडून अजून एक थर नको.

कमांड लिहायचं जमत नसेल तर हँडब्रेक नावाचा बटणांचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या फिल्टरच्या पानावर डीब्लॉक मिळतो. अडचण एवढीच की त्यात ठोकळे काढणं आधी होतं आणि आकार बदलणं नंतर, म्हणजे आपल्याला हव्या त्या क्रमाच्या उलट. त्यावर उपाय म्हणजे दोन फेऱ्या करायच्या, पहिल्या फेरीत सगळे फिल्टर बंद ठेवून फक्त ६४० बाय ३६० करायचा आणि दर्जाचा आकडा १२ च्या आसपास ठेवायचा, म्हणजे या जादा फेरीने नवे ठोकळे पडत नाहीत, आणि दुसऱ्या फेरीत त्या फाइलवर डीब्लॉक हलक्यापासून सुरू करून एकेक पायरी वाढवत जायचं. `spp` इतकं चांगलं येत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं.

काय होणार नाही तेही स्पष्ट सांगतो. जो तपशील फेकला गेला तो परत येत नाही. मागच्या पाटीवरची अक्षरं ठोकळ्यांत गेली असतील तर ती वाचता येणार नाहीत, लांब बसलेल्या माणसाचं तोंड दहा-बारा पिक्सेलचं असेल तर ते तसंच राहील, आणि पटकन हलणाऱ्या हातामागे तुटलेले तुकडे राहतात ते बऱ्यापैकी तसेच राहतात, कारण तिथे सांधा नाही, तिथे चुकीच्या जागचं चित्रच येऊन बसलंय. पाटीवर किंवा चेहऱ्यावर अंदाजाने काही ओढून काढू नका, विशेषतः व्हिडिओ कशाचा पुरावा म्हणून लागणार असेल तर मूळ आलेली फाइलच द्यायची, साफ केलेली फक्त बघायला.

शेवटचा भाग पाठवण्याचा, आणि इथे केलेलं सगळं काम पाण्यात जाऊ शकतं. टीव्हीसाठी केलेली `tv.mp4` मेसेजिंग अ‍ॅपमध्ये साधा व्हिडिओ म्हणून टाकली तर अ‍ॅप तिला पुन्हा दाबणार, आणि आपण टाकलेले कण दाबायला सगळ्यात महाग असतात, दर फ्रेमला नवीन, त्यामुळे मोजके बिट त्यांच्यावर उडतात आणि ठोकळे आधीपेक्षा जास्त येतात. म्हणून दोन फाइली करा. टीव्हीची कण असलेली, ती पेन ड्राइव्हने किंवा डॉक्युमेंट म्हणूनच जाईल. आणि ग्रुपसाठी दुसरी, ६४० बाय ३६० वरच थांबवलेली, `gradfun` आणि `noise` काढून टाकलेली:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "scale=640:360:flags=area,spp=quality=6:qp=6,hqdn3d=1:1:3:3" -c:v libx264 -crf 18 -preset slow -c:a copy -movflags +faststart group.mp4
```

ही कोणी साधा व्हिडिओ म्हणून पुढे पाठवली तरी कमी बिघडते, कारण ६४० बाय ३६० मध्ये चौकटीच ९२० आहेत, ३६०० नाहीत, तेवढ्याच बिटांत प्रत्येकीला जवळजवळ चौपट वाटा मिळतो, आणि एन्कोडरला जपायला खोट्या रेघाही राहिलेल्या नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर पोचलेल्या फाइलचे तपशील समोरच्याला उघडून बघायला सांगा, साइज बाइटच्या आकड्यापर्यंत आपल्याकडच्याशी जुळला तर ती मध्ये कुठेच उघडून दाबली गेलेली नाही असं धरायला हरकत नाही, एमबीचा गोल आकडा जुळला एवढ्यावर थांबू नका.